तिसरा महिना, उलट्या थांबेनात आणि टीएसएच ०.०१: थायरॉईडची गोळी सुरू करायच्या आधी काय काय बघायचं

आपल्याकडं लातूर, नांदेड, बीड कुठंही जा, गरोदर बाईचं पहिल्या भेटीतलं ब्लड काढलं की टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं मेंदूखालच्या पिट्युटरीचं हार्मोन, त्यात आलाच, आणि ते चांगलंच आहे कारण थायरॉईड कमी असलेल्या बायका त्यातूनच सापडतात. पण दर काही दिवसांनी एक उलटाच रिपोर्ट हातात येतो. बाई नवव्या-दहाव्या आठवड्यात, उलट्या करून करून डोळे आत गेलेले, नाडी पळायलेली, आणि टीएसएच जवळजवळ शून्य, फ्री टी४, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉईड हार्मोन, वाढलेला. रिपोर्टवर लाल अक्षरात हायपरथायरॉईड. मग घरचे घाबरतात, कुणीतरी थायरॉईड दाबणारी कार्बिमाझोलची गोळी लिहून देतं, मेडिकलवाला देतोही. आणि बऱ्याच वेळा ती गोळी लागतच नव्हती.

हा लेख त्या एकाच प्रश्नावर आहे. हा वारेच्या हार्मोनमुळं आलेला तात्पुरता प्रकार आहे का खरोखरचा ग्रेव्हज आजार आहे, हे कुठल्या क्रमानं आणि कसं ओळखायचं. नर्सताई, आशाताई, नवीन डॉक्टर आणि घरचं शिकलेलं माणूस, सगळ्यांना समजावं असं लिहितोय, पण औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरनीच घ्यायचा.

आधी हे होतं कशामुळं

गर्भ रुजला की वार एचसीजी नावाचं हार्मोन सोडायला लागते, प्रेग्नन्सी किटवर दोन रेघा येतात त्या ह्याच्याचमुळं. एचसीजी आणि टीएसएच दोन्ही दोन-दोन साखळ्यांचे बनलेले असतात, त्यातली अल्फा साखळी दोघांत सेम, आणि बीटा साखळी वेगळी असली तरी थोडी मिळतीजुळती. त्यामुळं एचसीजी थायरॉईडवरच्या टीएसएच रिसेप्टरला जाऊन चिकटतं आणि थायरॉईडला काम करायला लावतं. जोर कमी असतो त्याचा, पण साधारण ८ ते ११ आठवड्यांत ते रक्तात इतकं वाढतं की कमी जोरसुद्धा पुरतो. थायरॉईड जास्त हार्मोन सोडतं, ते बघून मेंदूखालची पिट्युटरी टीएसएच सोडायचं बंद करते. म्हणजे टीएसएच खाली जाणं हा वेगळा आजार नाही, शरीराचा हिशोब बरोबर चाललाय एवढाच त्याचा अर्थ. पुढं एचसीजी आपोआप उतरतं आणि थायरॉईडही शांत होतं, बहुतेकींचं १४ ते १८ आठवड्यांत, काहींना विसावा लागतो.

ग्रेव्हजमधी गोष्ट वेगळी. तिथं आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती त्याच रिसेप्टरविरुद्ध अँटीबॉडी बनवते, आणि ती अँटीबॉडी रिसेप्टर बंद करायच्या ऐवजी सारखी चालूच ठेवते. ती आठवडे मोजून उतरत नाही. शिवाय वार ओलांडून बाळाच्या थायरॉईडपर्यंत पोचते, हे एचसीजी करत नाही. म्हणून दोन्ही रिपोर्ट कागदावर सारखे दिसले तरी पुढचा रस्ता पार वेगळा.

एक गैरसमज इथंच काढून टाकू. लई जण म्हणतात, थायरॉईड वाढलं म्हणून उलट्या व्हायल्यात, थायरॉईड उतरवा म्हणजे उलट्या थांबतील. तसं नाही. उलट्यांमागं मुख्य हात जीडीएफ१५ नावाच्या दुसऱ्या एका हार्मोनचा आहे, तेही गर्भ आणि वारेतूनच येतं, २०२३ मधी ह्यावर पक्कं संशोधन आलं. थायरॉईडचा रिपोर्ट हा उलट्यांच्या सोबत चालणारा सोबती आहे, कारण नाही. म्हणूनच अँटीथायरॉईड गोळी दिली तरी उलट्या थांबत नाहीत.

रिपोर्ट वाचायच्या आधी: टेस्ट नेमकी कुठली केली

आपल्या भागातल्या बऱ्याच लॅबमधी "थायरॉईडच्या तिन्ही" म्हणलं की टोटल टी३, टोटल टी४ आणि टीएसएच करतात. गरोदरपणात हा टोटल टी४ फसवतो. इस्ट्रोजेन वाढतं, त्यानं रक्तात थायरॉईड हार्मोन वाहून नेणारं प्रोटीन वाढतं, आणि टोटल टी४ सातव्या आठवड्यापासून चढत जाऊन १६ आठवड्यांनंतर नेहमीच्या दीडपट होतो, अगदी निरोगी बाईतसुद्धा. तेव्हा टोटल टी४ जरा जास्त दिसला म्हणून काहीच सिद्ध होत नाही, फ्री टी४ करून घ्या.

टीएसएचचंही तेच. नुसता टीएसएच कमी म्हणजे आजार नव्हे. साधारण ७ ते १२ आठवड्यांत खालची हद्द ०.४ वरून ०.१ च्या आसपास येते, लॅबच्या कागदावर मात्र गरोदर नसलेल्यांचीच रेंज छापलेली असते. फ्री टी४ नॉर्मल, बाई ठीकठाक आणि टीएसएच ०.०८, तर त्याला औषध नाही. चार आठवड्यांनी परत बघायचं, बास.

आणि तिसरी गोष्ट जी कुणी विचारत नाही: केस गळायलेत म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? जास्त डोसचं बायोटिन काही मशीनवर टीएसएच खोटा कमी, टी४ खोटा जास्त आणि वर अँटीबॉडीसुद्धा खोटी पॉझिटिव्ह दाखवतं, म्हणजे घरी बसल्या बसल्या हुबेहूब ग्रेव्हजचा रिपोर्ट तयार. किमान दोन दिवस ते बंद ठेवून सॅम्पल परत द्यायचं.

आता पेशंटकडं बघा, आणि प्रश्न नीट विचारा

सगळ्यात कामाचा प्रश्न हा: धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं हे पाळी चुकायच्या आधीपासून होतं का नंतर सुरू झालं? एचसीजीवाला प्रकार गर्भाच्या आधी असूच शकत नाही. लग्नातल्या ब्लाऊजवरून, जुन्या वजनाच्या कार्डावरून, "मागच्या दिवाळीला जिना चढताना दम लागायचा का" असं विचारून काढावं लागतं हे, कारण सरळ विचारलं तर "तसं काय नव्हतं" एवढंच उत्तर येतं. नणंद किंवा आई सोबत असेल तर त्यांनाच विचारा, त्यांना जास्त आठवतं.

दुसरा प्रश्न खाण्याचा. ग्रेव्हजची बाई भाकरी नीट खाते, कधी जास्तच खाते, आणि तरीही वाळत जाते, शौचाला दिवसातून तीनचारदा जाते. उलट्यांची बाई खाऊच शकत नाही म्हणून वाळते आणि तिला बहुतेक वेळा शौचाला घट्ट होतं. ह्या एका फरकावरून अर्धं काम होतं.

मग गळा आणि डोळे. गळ्यात दोन्ही बाजूंनी मऊ सूज, पाणी गिळताना वरखाली होणारी, आणि त्यावर स्टेथोस्कोप ठेवला की सळसळ ऐकू येणं, हे ग्रेव्हजकडं बोट दाखवतं. डोळे बाहेर आल्यासारखे, पापणी वर ओढलेली, बुबुळाच्या वर पांढरं दिसतंय, हे दिसलं तर जवळपास नक्कीच. पण डोळे नॉर्मल म्हणून ग्रेव्हज नाही असं उलटं म्हणता येत नाही, बऱ्याच जणींचे डोळे छान असतात. आधी कधी थायरॉईडची गोळी, रेडिओआयोडीन किंवा ऑपरेशन झालेलं असेल, किंवा आईला, बहिणीला असा आजार असेल तर तेही लिहून ठेवा.

नाडीबद्दल मराठवाड्याचं म्हणून एक सांगतो. एप्रिल-मेमधी ४२ डिग्रीत, दोन बसा बदलून, पोटात पाण्याचा थेंब नाही अशा अवस्थेत आलेल्या कुठल्याही गरोदर बाईची नाडी ११५-१२० लागते, थायरॉईड असो का नसो. म्हणून पहिल्या नाडीवर निदान करू नका. सलाईन जाऊ द्या, बाई झोपू द्या, आणि मग झोपेत नाडी मोजा. पाणी भरल्यावर ती ९० च्या घरात आली तर मोठा भाग कोरडेपणाचा होता. गाढ झोपेत, पाणी भरूनही ११० च्या वर राहिली तर थायरॉईडला गंभीरपणे घ्या.

उलट्या कधी सुरू झाल्या हेही विचारा. गरोदरपणाच्या उलट्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात सुरू होतात. दहाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच सुरू झाल्या तर लघवीचं इन्फेक्शन, अपेंडिक्स, कावीळ हे शोधा, सगळं एचसीजीच्या माथी मारू नका.

सोनोग्राफी लगेच

सोनोग्राफी करायचीच, दोन कारणांसाठी. जुळी असतील तर एचसीजी जास्त चढतं आणि जास्त दिवस राहतं, मग थायरॉईड निवळायलाही वेळ लागतो. आणि दुसरं कारण द्राक्षगर्भ. त्यात बाळ नीट तयार होत नाही, वार भसाभस वाढते, एचसीजी लाखाच्या कितीतरी वर जातं, आणि थायरॉईड इतकं पेटू शकतं की जिवावर येतं. पोट महिन्यांच्या मानानं मोठं, अंगावरून लाल जातंय, उलट्या बेसुमार, असं असेल तर वाट बघू नका. तिथं इलाज म्हणजे पिशवी साफ करणं, आणि तेही भूल द्यायच्या आधी थायरॉईडची तीव्रता बघून, मोठ्या दवाखान्यात. पिशवी साफ झाली की थायरॉईड आपोआप उतरतं.

थायरॉईडचा रेडिओॲक्टिव्ह स्कॅन, जो एरवी ह्याच प्रश्नासाठी करतात, तो गरोदरपणात करायचा नाही.

फरक करणारी टेस्ट

ती एकच, टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी. लॅबमधी टीआरएबी म्हणतात. तालुक्याला होत नाही, सॅम्पल बाहेर जातं आणि रिपोर्टला काही दिवस लागतात. पॉझिटिव्ह आली तर ग्रेव्हज, निगेटिव्ह आली आणि बाकी चित्र उलट्यांचं असलं तर एचसीजीवाला प्रकार. थोड्या ग्रेव्हज पेशंटमधी निगेटिव्ह येते, म्हणून गळा-डोळे ओरडून सांगत असतील तर नुसत्या निगेटिव्हवर सोडू नका.

इथं एक गफलत लई होते. टीआरएबीच्या जागी अँटी टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धची दुसरीच अँटीबॉडी, पाठवली जाते कारण ती सगळीकडं होते. पण अँटी टीपीओ कितीतरी निरोगी बायकांतही पॉझिटिव्ह असते, ती पॉझिटिव्ह आली म्हणून ग्रेव्हज ठरत नाही. पैसे टीआरएबीवर घाला.

टीआरएबी मिळतच नसेल तर टी३, म्हणजे थायरॉईडचं दुसरं हार्मोन, मदतीला येतो. ग्रेव्हजची ग्रंथी टी३ जास्त ओतते, म्हणून टी४ च्या मानानं टी३ उंच. उपाशी, ओकणाऱ्या बाईत शरीर टी४ चं टी३ करणं कमी करतं, म्हणून फ्री टी४ वाढलेला पण फ्री टी३ नॉर्मल किंवा जरासाच वर. पक्का पुरावा नाही हा, पण दिशा कळते.

एक केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजावं म्हणून उदाहरण घेऊ. औसा तालुक्यातली २३ वर्षांची बाई, पहिलटकरीण, नववा आठवडा. सहाव्या आठवड्यापासून उलट्या, आता पाणीही टिकेना. गरोदरपणाच्या आधी वजन ५२ किलो, आता ४८.५, म्हणजे जवळपास ७ टक्के उतरलं. ५ टक्क्यांच्या पुढं गेलं की ह्याला साध्या मळमळीत धरत नाहीत. लघवीत कीटोन तीन प्लस, नाडी ११८, जीभ कोरडी. गळा साफ, डोळे ठीक, हात थोडेसे थरथरतात. आधी कधी धडधड नव्हती, खाणं-शौच नीट होतं. टीएसएच ०.०१, फ्री टी४ २.४, लॅबची वरची हद्द १.८. फ्री टी३ नॉर्मल. सासूबाई विचारतात, "साहेब, लेकराला काही होईल का?"

आता पहिली बाटली कुठली लावायची ते नीट बघा, कारण आपल्याकडं अशक्त बाई आली की ग्लुकोज लावा म्हणायची सवय आहे. तीन आठवडे धड न खाल्लेल्या बाईच्या अंगातलं व्हिटॅमिन बी१, म्हणजे थायामिन, संपत आलेलं असतं. त्यात एकदम ग्लुकोज दिलं तर ते उरलंसुरलं थायामिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होते, डोळे तिरपे फिरतात, तोल जातो, बडबड होते, त्याला वर्निकी म्हणतात. म्हणून आधी १०० मिलिग्रॅम थायामिन शिरेतून, आणि बाटली साध्या नॉर्मल सलाईनची. पोटॅशियम तपासायचं, कमी असलं तर बाटलीतून सावकाश भरायचं. उलट्या थांबवायला ओन्डॅनसेट्रॉन द्यायचं असेल तर हे पोटॅशियम आधी बघाच, कारण ते कमी असताना ह्या औषधानं हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एरवी सुरुवात डॉक्सिलॅमिन आणि बी६ च्या गोळीनं होते, ती पोटात टिकत नसेल तरच इंजेक्शनकडं.

दोन लिटर गेल्यावर रात्री झोपेत नाडी ९४. सोनोग्राफीत एकच बाळ, ठोके चांगले, द्राक्षगर्भ नाही. टीआरएबीचं सॅम्पल पाठवलं. अँटीथायरॉईड गोळी दिली नाही. धडधडीचा त्रास असता तर प्रोप्रॅनोलॉल कमी डोसात थोडे दिवस चाललं असतं, दमा नाही ना हे विचारून, पण हिला लागलंच नाही. सासूबाईंना उत्तर हे, की ह्या थायरॉईडनं बाळाला धोका नाही, धोका आहे तो आई उपाशी आणि कोरडी राहण्याचा.

पुढच्या आठवड्यात टीआरएबी निगेटिव्ह. तेराव्या आठवड्यात फ्री टी४ १.५, म्हणजे नॉर्मल, पण टीएसएच अजून ०.०३. ह्याच वळणावर गडबड होते. घरचे म्हणतात टीएसएच सुधारलाच नाही, दुसरीकडं दाखवू, आणि दुसरीकडं गोळी सुरू होते. पिट्युटरी जागी व्हायला फ्री टी४ च्या मागं काही आठवडे घेते, म्हणून ह्या काळात फ्री टी४ वर चालायचं. अठराव्या आठवड्यात टीएसएच ०.९, वजन ५१, ज्वारीची भाकर आणि ताक पोटात राहायलंय. विषय संपला.

आता हीच बाई असती आणि उलट्या थांबून विसावा आठवडा उलटला तरी फ्री टी४ वरच राहिला असता, तर? मग एचसीजीवर ढकलता येत नाही. टीआरएबी परत करायची आणि ग्रेव्हज किंवा थायरॉईडमधल्या जादा काम करणाऱ्या गाठी शोधायच्या. दोन्ही एकत्रही असू शकतं, ग्रेव्हजची बाई आणि वरून उलट्या, निसर्गाला एकावेळी एकच आजार द्यायची सक्ती नाही.

गोळीची घाई का नको

सगळ्यात महत्त्वाचं हेच. एचसीजी ज्या आठवड्यांत उंच असतं आणि असा रिपोर्ट येतो, जवळपास त्याच आठवड्यांत, सहा ते दहा, बाळाचे अवयव घडत असतात, आणि कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल ह्याच काळात नुकसान करतं. डोक्यावर कातडीच न बनणं, नाकाचा मागचा रस्ता बंद, अन्ननलिका तुटलेली, बेंबीतून आतडी बाहेर, अशी व्यंगं त्यातून येऊ शकतात. पहिल्या तिमाहीत गोळी लागलीच तर पीटीयू, म्हणजे प्रोपिलथायोयुरॅसिल, त्यातल्या त्यात बरं. पण तेही व्यंगांपासून पूर्ण मुक्त नाही, आणि क्वचित लिव्हरला जबर मार देतं. जोरदार उलट्यांत लिव्हरचे एन्झाइम तसेही वाढतात, त्यात पीटीयू सुरू केलं की पुढं ते उलट्यांमुळं वाढले का गोळीमुळं हे ओळखणं अवघड.

म्हणून बाई स्थिर असेल तर टीआरएबीची वाट बघत एक-दोन आठवड्यांनी फ्री टी४ परत करणं हेच शहाणपण. थांबायचं नाही ते कधी? ताप, गोंधळल्यासारखं बोलणं, नाडी १४० च्या वर, झोपल्यावर दम, पायावर सूज. अशा वेळी तालुक्याला न थांबता लातूर, नांदेड, अंबाजोगाई किंवा संभाजीनगरच्या मेडिकल कॉलेजला हलवा, आणि रिपोर्ट सोबत द्या.

ग्रेव्हज निघालं तर थोडक्यात

सौम्य असेल तर नुसतं लक्ष ठेवूनही भागतं. गोळी लागली तर सगळ्यात कमी डोस, फ्री टी४ नॉर्मलच्या वरच्या काठावर किंवा थोडा वर राहील इतकाच, कारण गोळी वार ओलांडते आणि आईचा टी४ अगदी मधोमध आणायला गेलं तर बाळाचं थायरॉईड दबतं. २ ते ४ आठवड्यांनी तपासणी. १८ ते २२ आठवड्यांत टीआरएबी परत, आणि ती वरच्या हद्दीच्या तिपटीहून जास्त असली तर बाळाचे ठोके, वाढ आणि गळा सोनोग्राफीत जपून बघायचा. आधी ऑपरेशन किंवा रेडिओआयोडीन झालेल्या आणि आता थायरॉक्सिनवर असलेल्या बाईलाही हे लागू, तिचं थायरॉईड गेलं तरी अँटीबॉडी रक्तात असू शकते. हे लई वेळा सुटतं.

जिला आधीपासून कार्बिमाझोल चालू आहे तिनं पाळी चुकल्या चुकल्या किट करायचं आणि पॉझिटिव्ह आलं की त्याच दिवशी डॉक्टरला फोन, नवव्या-दहाव्या आठवड्यातल्या भेटीची वाट नाही बघायची. मनानं गोळी बंदही करायची नाही.

बाळंतपणानंतर दोघींचा फरक परत दिसतो. ग्रेव्हज गरोदरपणाच्या उत्तरार्धात बरंच शांत होतं आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत उसळतं, म्हणून माहेरी गेली तरी तपासणी चुकवायची नाही. एचसीजीवाल्या बाईला नंतर थायरॉईडचं काहीच लागत नाही, फक्त पुढच्या खेपेला उलट्या आणि हाच रिपोर्ट परत येऊ शकतो. तेव्हा ह्या वेळचे सगळे कागद, खास करून टीआरएबीचा निगेटिव्ह रिपोर्ट आणि अठराव्या आठवड्याचा नॉर्मल टीएसएच, मातृत्व कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा आणि पुढच्या वेळी पहिल्याच भेटीत टेबलावर काढा.